एक्सरे नॉर्मल आला, तरी अंगठ्याच्या मुळाशी कळ येते

वाचकाचं पत्र

डॉक्टर, मी २३ वर्षांचा आहे, पोलीस भरतीची तयारी करतोय. बारा दिवसांपूर्वी मैदानावर धावताना घसरलो आणि उजवा तळवा टेकून पडलो. त्याच संध्याकाळी एक्सरे काढला, नॉर्मल आला. क्रेप बँडेज आणि गोळ्या मिळाल्या. चार दिवसांत सूज गेली, बोटं सगळी हलतात. पण बाटलीचं झाकण पिळताना आणि हात टेकून उठताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. दुसऱ्या डॉक्टरांनी मनगटाचा एमआरआय सांगितलाय, साडेसहा हजार खर्च आहे. घरचे म्हणतात, एक्सरे नॉर्मल आहे तर एमआरआय कशाला, ओळखीचे मालिशवाले लचक उतरवतात. मैदानी चाचणी पाच आठवड्यांवर आहे. तोपर्यंत पट्टा बांधून सराव चालू ठेवावा आणि चाचणीनंतर काय ते बघावं, असा विचार आहे. चालेल का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर

नमस्कार,

नाही, चालणार नाही. मालिश तर मुळीच नको, आणि तपासणी होईपर्यंत उजव्या हातावर भार देणारा सराव आजपासून बंद ठेवा. तुमचं हाड मोडलंयच, असं मी म्हणत नाही. ते इथे बसून मला सांगता येणार नाही. पण तुम्ही लिहिलेल्या चार-पाच गोष्टींवरून एका विशिष्ट हाडाची शंका येते, आणि त्या हाडाबाबत ‘चाचणीनंतर बघू’ हा हिशेब फार महागात पडतो.

आधी दोन्ही हात टेबलावर ठेवा, करंगळीची कड खाली आणि अंगठा वर. आता अंगठा मागे ताणा, लिफ्ट मागताना करतो तसा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला, दोन दोऱ्या ताठ उभ्या राहतात आणि त्यांच्यामध्ये एक खळगा पडतो. पूर्वी तपकीर ओढणारे लोक चिमूट याच खळग्यात ठेवत, म्हणून डॉक्टरी भाषेत त्याला आजही स्नफबॉक्स म्हणतात, तपकिरीची डबी. या खळग्यात डाव्या तर्जनीच्या टोकाने दाबा. मग डाव्या हाताच्या खळग्यात तेवढ्याच जोराने दाबा. ही तुलना महत्त्वाची आहे, कारण तिथून एक संवेदनेची नस जाते आणि जोरात दाबलं तर धडधाकट माणसालाही थोडं दुखतं. नंतर तळवा वर करून मनगटाच्या घडीपाशी, अंगठ्याच्या मांसल उंचवट्याच्या मुळाशी, हाडाचं छोटं टोक लागतं ते दाबा. शेवटी उजवा अंगठा डाव्या मुठीत धरून त्याच्याच रेषेत मनगटाकडे हळूच ढकला. या तिन्ही ठिकाणी उजव्या हाताला डाव्यापेक्षा स्पष्ट जास्त दुखलं, तर तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांना तीच शंका आलेली आहे. यापैकी काहीच दुखत नसेल, तर मोड असण्याची शक्यता बरीच कमी होते. पण घरी केलेल्या या दाबून बघण्यावर डॉक्टरांची तपासणी रद्द करू नका.

या हाडाचं नाव स्कॅफॉइड. मनगटात आठ छोटी हाडं दोन ओळींत बसलेली असतात आणि स्कॅफॉइड त्या दोन्ही ओळींना जोडणारा सांधा सांभाळतं. आकार होडीसारखा, म्हणून ग्रीकमधल्या होडीच्या शब्दावरून हे नाव पडलं. मनगटाच्या या आठ हाडांत सगळ्यात जास्त वेळा मोडतं ते हेच. मनगट मागे वाकलेलं असताना तळव्यावर अख्खं शरीर आदळतं, तेव्हा या होडीच्या मधोमध ताण येतो. पंधरा ते तीस वर्षांच्या वयात हे सर्वात जास्त दिसतं, कारण त्या वयात माणूस जोरात पडतो आणि त्याचं पुढच्या हाताचं मोठं हाड अजून मजबूत असतं. आजीबाई तशाच पडल्या तर त्यांचं ते मोठं हाड मोडतं, हात वाकडा दिसतो आणि निदान दारातच होतं. तुमच्या वयात मोडतं ते आतलं, काजूएवढं हाड, आणि बाहेरून काही दिसत नाही.

तुमच्या घरच्यांच्या म्हणण्यात दोन समजुती आहेत. सूज नाही आणि बोटं हलतात, म्हणजे मोड नाही ही पहिली. एक्सरे नॉर्मल, म्हणजे हाड शाबूत ही दुसरी. दोन्ही बहुतेक हाडांना लागू पडतात, म्हणून त्या लोकांच्या तोंडी आहेत. स्कॅफॉइडला दोन्ही लागू पडत नाहीत.

पहिलीचं कारण साधं आहे. हे हाड लहान आहे आणि सांध्याच्या आत आहे, त्यामुळे रक्तस्राव थोडाच होतो आणि सूज चार दिवसांत ओसरते. बोटं हलवणाऱ्या स्नायूंचे दोर त्याच्या शेजारून जातात, त्याला चिकटलेले नसतात. म्हणून मूठ वळते, मोबाइल चालतो, दुचाकीसुद्धा चालते. दुखतं ते पिळताना, ढकलताना आणि हात टेकून उठताना, म्हणजे नेमकं तुम्ही लिहिलंय तेव्हा. आणि दुखणं कमी होणं हा हाड जुळल्याचा पुरावा नाही. न जुळलेलं स्कॅफॉइड महिनोन्‌महिने गप्प राहू शकतं.

दुसऱ्या समजुतीकडे जरा सावकाश बघू, कारण तुमचा सगळा पेच तिथेच आहे. एक्सरे म्हणजे सावली. मोडलेल्या हाडात भेग दिसायची तर किरण त्या भेगेच्या रेषेतूनच आरपार जावे लागतात. दाराची फट समोरून दिसते, जरा बाजूला सरकलं की दार सलग वाटतं, तसंच हे. स्कॅफॉइड मनगटात सरळ बसलेलं नसतं, तळव्याकडे साधारण ४५ अंशांत कललेलं असतं. त्यामुळे नेहमीच्या समोरून काढलेल्या फिल्ममध्ये ते आखूड दिसतं, आणि बाजूच्या फिल्ममध्ये इतर हाडांच्या सावल्या त्याच्यावर पडतात. म्हणून त्यासाठी वेगळ्या फिल्म काढतात. एकीत मनगट करंगळीच्या बाजूला वळवून हाड लांब केलेलं असतं, दोन तिरक्या असतात. तंत्रज्ञाला नुसतं ‘मनगट’ लिहून पाठवलं तर बऱ्याचदा दोनच फिल्म निघतात. ‘स्कॅफॉइड व्ह्यूज’ असं चिठ्ठीवर लिहावं लागतं. तुमच्या पाकिटात किती फिल्म आहेत, आज मोजून बघा.

आणि सगळ्या फिल्म नीट काढल्या तरीही पहिल्या दिवशी काही मोड सुटतातच. तुकडे हललेले नसतील तर भेग केसाएवढी असते आणि सावलीत तिचा मागमूस नसतो. दहा-बारा दिवसांनी भेगेच्या कडांचं हाड शरीर थोडं शोषून घेतं, फट रुंदावते आणि मग ती दिसू शकते. म्हणून पहिल्या दिवशीच्या ‘नॉर्मल’चा अर्थ ‘आज दिसलं नाही’ एवढाच घ्यायचा. तुमच्यासारखी दुखण्याची जागा आणि नॉर्मल एक्सरे असलेले शंभर लोक घेतले, तर त्यांतल्या पंधरा-वीस जणांचं स्कॅफॉइड खरंच मोडलेलं निघतं. म्हणजे घरचे ऐंशी वेळा बरोबर ठरतील. उरलेल्या वीस जणांचं काय होतं, ते समजायला या हाडाचा रक्तपुरवठा पाहावा लागतो.

हाड जिवंत असतं, त्याला रक्त लागतं, आणि रक्तवाहिन्या हाडात शिरतात त्या त्याच्या उघड्या पृष्ठभागातून. स्कॅफॉइडचा बहुतेक भाग, साधारण चार पंचमांश, सांध्याच्या गुळगुळीत कूर्चेने झाकलेला आहे, आणि कूर्चेतून रक्तवाहिनी शिरत नाही. उघडी जागा उरते ती थोडीशीच. अंगठ्याच्या बाजूला जाणाऱ्या रेडियल धमनीची एक फांदी हाडाच्या पाठीवरच्या एका कंगोऱ्यातून, हाडाच्या कमरेजवळ, म्हणजे त्याच्या मधल्या अरुंद भागाजवळ, आत शिरते. दुसरी छोटी फांदी तळव्याच्या बाजूने, अंगठ्याकडच्या टोकातून शिरते. १९८० साली गेल्बरमन आणि मेनन या संशोधकांनी मृतदेहांच्या मनगटांवर याचा अभ्यास केला. पाठीवरची फांदी हाडाच्या ७० ते ८० टक्के भागाला रक्त देते, आणि कोपराकडचं टोक तर पूर्णपणे तिच्याच भरवशावर असतं, असं त्यांना दिसलं.

तुम्ही कालव्याच्या भागातले आहात, तर असं बघा. कालवा तुमच्या शेताला लागूनच पुढे जातो, पण दार तिथे नाही. दार पुढे आहे, आणि तिथून चारीने पाणी उलटं मागे आणावं लागतं. स्कॅफॉइडचं कोपराकडचं टोक म्हणजे चारीच्या टेलचं, अगदी शेवटच्या टोकाचं शेत. हातातून खाली येणारं रक्त त्याच्या शेजारून पुढे जातं, कमरेजवळ हाडात शिरतं आणि हाडाच्या आतून मागे फिरतं. आता हाड कमरेत मोडलं, म्हणजे ही चारी मधेच फुटली. अंगठ्याकडच्या तुकड्याला दुसऱ्या फांदीचं पाणी आहे. टेलच्या तुकड्याला दुसरा स्रोत नाही. मोड जितका कोपराकडे, तितका तो तुकडा कोरडा. अंगठ्याकडच्या टोकाचा मोड सहसा सहा आठवड्यांत विनातक्रार जुळतो. कमरेतला वेळ घेतो. कोपराकडच्या टोकाचा मोड सगळ्यात हट्टी, आणि तिथेच तुकडा मरण्याचा धोका सर्वात जास्त.

त्यात आणखी एक अडचण. लांब हाडं मोडली की त्यांच्या बाहेरच्या आवरणातून नव्या हाडाची गाठ तयार होते आणि ती बाहेरून तुकडे सांधते. कूर्चेने झाकलेल्या स्कॅफॉइडला हे आवरण जवळजवळ नाही. जुळायचं तर भेगेच्या दोन काठांवरूनच, आणि तेही सांध्यातल्या द्रवाने भिजत असताना. दोन काठ एकमेकांना टेकून, न हलता राहिले तर बारीक रक्तवाहिन्या भेग ओलांडून टेलच्या तुकड्यापर्यंत पोचतात. रोज जोर काढताना किंवा मालिश करताना काठ हलले की त्या वाहिन्या रोज तुटतात. मालिशवाल्यांच्या हाताला गुण असेल, मी त्यावर बोलत नाही. पण भेग असेल तर त्यांचा अंगठा नेमका तिथेच दाबणार आहे.

योग्य आधार लवकर मिळाला तर कमरेतले न हललेले बहुतेक मोड जुळतात, दहातले नऊ किंवा त्याहून जास्त. उपचार चार आठवड्यांच्या पुढे गेला तर न जुळण्याचं प्रमाण बरंच वाढतं. तुमचे बारा दिवस गेलेत. म्हणजे तुम्ही अजून वेळेत आहात. चाचणीनंतर, म्हणजे पडल्यापासून जवळजवळ सात आठवड्यांनी, नसाल.

माझ्याकडे फॅब्रिकेशनचं काम करणारा २६ वर्षांचा एक मुलगा आला होता. पावसात स्कूटरवरून पडला होता आणि तेव्हाचा एक्सरे नॉर्मल होता. आठ दिवस क्रेप बँडेज बांधलं, तीन आठवड्यांत दुखणं गेलं, तो कामाला लागला. आला तो सोळा महिन्यांनी. ग्राइंडर दाबून धरताना मनगट दुखतं, एवढीच तक्रार. जुन्या एक्सरेचं पाकीट त्याच्या आईने जपून ठेवलेलं होतं. त्यात समोरून एक आणि बाजूने एक, अशा दोनच फिल्म होत्या. मी त्या दिव्यावर लावून पुन्हा पुन्हा पाहिल्या. त्या दोन फिल्ममध्ये मलाही भेग दाखवता आली नसती. नवीन फिल्ममध्ये मात्र हाडाच्या कमरेत रुंद फट होती, तिच्या कडा घट्ट पांढऱ्या झाल्या होत्या, आणि कोपराकडचा तुकडा शेजारच्या हाडांपेक्षा पांढरा दिसत होता. असा पांढरेपणा पाहिला की पोटात गोळा येतो. मनगट कमी वापरलं की जिवंत हाडांतला चुना रक्तातून निघून जातो आणि ती एक्सरेत काळपट दिसतात. ज्या तुकड्यात रक्तच पोचत नाही त्याचा चुना तसाच राहतो, म्हणून तो उजळ दिसतो. सीटीवर हाड मधोमध वाकून त्याला कुबड आलं होतं. त्याच्या स्वतःच्या शरीराच्या कमरेच्या हाडातून पाचरीएवढा तुकडा काढून त्या फटीत बसवला, कुबड सरळ केलं आणि स्क्रू घातला. जुळायला साडेचार महिने लागले. हात कामाला आला, पण मनगट आजही पूर्ण मागे वळत नाही आणि जोर काढता येत नाहीत. त्याला दोन आठवड्यांच्या आत प्लॅस्टर मिळालं असतं तर बहुधा एवढं काही करावं लागलं नसतं. आणि तो आलाच नसता, तर न जुळलेल्या स्कॅफॉइडमुळे पुढची काही वर्षं मनगटाची रचना हळूहळू ढासळत जाते आणि चाळिशीच्या आत संधिवात जडू शकतो.

आता तुमच्यासमोरचे पर्याय. एमआरआय करा किंवा करू नका, असे दोनच नाहीत.

जुना आणि स्वस्त मार्ग असा: शंका आहे म्हणून मनगटाला प्लॅस्टर किंवा पक्का स्प्लिंट घालायचा, दोन आठवड्यांनी पुन्हा तपासून स्कॅफॉइड व्ह्यूज काढायचे. भेग दिसली तर निदान झालं. हा मार्ग चुकीचा नाही. जिथे एमआरआय मशीन शंभर किलोमीटरवर आहे तिथे मीही तोच सांगतो. पण त्याच्या दोन उणिवा आहेत. ज्यांचं हाड शाबूत आहे अशा ऐंशी जणांचे हात उगाच बांधले जातात, आणि दोन आठवड्यांनंतरची फिल्मसुद्धा पक्की नसते. तीच फिल्म दोन अनुभवी डॉक्टरांना दाखवली तर एकाला भेग दिसते, दुसऱ्याला नाही, हे वारंवार घडतं. तेव्हा दुसरा एक्सरेही नॉर्मल आला आणि खळगा अजून दुखतोय, तर पुन्हा तुम्ही होता तिथेच.

एमआरआय वेगळी गोष्ट बघतो. त्याला फट दिसायची गरज नसते. हाडाच्या आतल्या मगजात रक्त आणि पाणी साठलं की ते लगेच उजळतं, आणि त्यातून जाणारी काळी रेघ म्हणजे मोड. २०१५ साली कोक्रेन या संस्थेने अशा सर्व अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यातले आकडे शंभर माणसांवर मांडून बघू. समजा वीस जणांचं हाड मोडलंय. एमआरआय त्यांतल्या सतरा-अठरा जणांना पकडतो आणि शाबूत असलेल्यांना जवळपास कधीच ‘मोडलंय’ म्हणत नाही. सीटी चौदाएक जणांना पकडतो, कारण न हललेली केसाएवढी भेग त्यातून निसटते. तिसरी तपासणी बोन स्कॅन, किरणोत्सर्गी इंजेक्शन देऊन केलेली. ती वीसच्या वीस पकडते, पण सोबत दहा-अकरा शाबूत माणसांनाही मोडलेलं ठरवते. म्हणून ती आता मागे पडली आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६च्या मार्गदर्शक सूचनांत, नीट तपासणीनंतर स्कॅफॉइडची शंका असेल तर एमआरआयचा पहिल्याच तपासणीसाठी विचार करा, असं सुचवलं आहे.

तेव्हा तुमचे दुसरे डॉक्टर उगाच खर्चात पाडताहेत, असं मला वाटत नाही. तुमच्या बाबतीत मी एमआरआयच निवडेन, आणि त्याचं कारण तुमची चाचणी हेच आहे. हाड शाबूत निघालं, तर त्याच आठवड्यात आधार काढून हळूहळू सराव सुरू करता येईल आणि पाच आठवड्यांतले चार तुमच्या हातात राहतील. प्लॅस्टर घालून थांबलात तर शाबूत हातही दोन आठवडे बांधलेला राहील. साडेसहा हजार ही लहान रक्कम नाही, याची मला जाणीव आहे. म्हणून विचारा, की फक्त स्कॅफॉइडसाठीचा मर्यादित एमआरआय कमी दरात होतो का. शंका फक्त मोडाची असेल तर दोन-तीन सिक्वेन्स, म्हणजे चित्रांचे दोन-तीन संच पुरतात, आणि रंगद्रव्याचं इंजेक्शन लागत नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दर बराच कमी असतो. तारीख दोन आठवड्यांपुढची मिळाली तर मात्र तिच्यासाठी थांबू नका, आणि तारखेची वाट पाहताना प्लॅस्टर किंवा स्प्लिंट हवाच. क्रेप बँडेज म्हणजे आधार नव्हे, त्यात मनगट सगळीकडे वाकतं.

एमआरआयच्या अहवालात एक शब्द येऊ शकतो, ‘बोन ब्रूज’ किंवा ‘मॅरो एडीमा’. म्हणजे हाड आतून ठेचकाळलंय, पण मोडाची रेघ नाही. तो वाचून घाबरू नका आणि निश्चिंतही होऊ नका. थोडे आठवडे आधार आणि पुन्हा तपासणी, एवढं बहुतेकदा पुरतं. आणि अहवाल स्वच्छ असूनही दोन आठवड्यांनी खळगा तसाच दुखत असेल तर परत जा. वीसमधले दोन-तीन एमआरआयलाही सुटतात, हे वरच्या हिशेबात आलंच आहे. शिवाय कधी हाड शाबूत असतं आणि शेजारचा अस्थिबंध फाटलेला असतो.

मोड निघालाच तर मग सीटीची पाळी येते. एमआरआय सांगतो मोड आहे की नाही. तुकडे किती सरकलेत आणि कुबड आलंय का, हे सीटी जास्त स्पष्ट दाखवतो. चिठ्ठीवर ‘स्कॅफॉइडच्या लांब अक्षात काप’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्या, नाहीतर मनगटाचे सरसकट काप निघतात आणि कललेलं हाड त्यांत तिरकं कापलं जातं. तुकडे सरकलेले नसतील आणि मोड कमरेत असेल, तर प्लॅस्टर साधारण सहा ते आठ आठवडे, कधी बारा. अंगठा प्लॅस्टरमध्ये घ्यायलाच हवा असं नाही. अंगठा मोकळा ठेवूनही हाडं तेवढीच जुळतात, त्यामुळे जेवण आणि लिहिणं जमतं. प्लॅस्टर काढल्यावर जुळलंय का, हे एक्सरेपेक्षा सीटीवर ठरवावं.

स्क्रू घालून लवकर मोकळं होता येईल का, हा प्रश्न तुमच्या मनात येणारच. ब्रिटनमधल्या ३१ रुग्णालयांत ४३९ प्रौढांवर झालेला एक अभ्यास २०२० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. मोड कमरेत, आणि तुकडे दोन मिलिमीटरपेक्षा जास्त न सरकलेले. अर्ध्यांना लगेच शस्त्रक्रिया, अर्ध्यांना प्लॅस्टर, आणि प्लॅस्टरमध्ये जुळलं नाही तर ताबडतोब शस्त्रक्रिया. वर्षाअखेर दोन्ही गटांचे हात सारखेच चालत होते. कोपराकडच्या टोकाचा मोड असेल किंवा तुकडे जास्त सरकलेले असतील, तर गोष्ट वेगळी. तिथे मी शस्त्रक्रियेकडे झुकतो, आणि कारण तेच, टेलच्या तुकड्याचं पाणी. पण स्क्रू घातला तरी पाच आठवड्यांत त्या हाताने चाचणीतला गोळा फेकायला मी परवानगी देणार नाही. गोळा सोडताना मनगट मागे वाकून सगळा जोर त्याच हाडातून जातो.

म्हणजे मोड निघाला तर ही चाचणी उजव्या हातासाठी गेली, हे मला तुम्हाला स्पष्ट लिहावं लागतंय. एका वर्षाचा सराव त्यात आहे, आणि हे वाचताना काय वाटेल याची मला कल्पना आहे. तरी दुसरी बाजू बघा. न जुळलेल्या स्कॅफॉइडवर सराव करून या वेळी गोळा फेकलाच, तर पुढच्या वैद्यकीय तपासणीत आणि नंतरच्या नोकरीत तेच मनगट लागणार आहे. प्लॅस्टरमध्ये पायांचा व्यायाम चालू ठेवता येतो. धावणं मात्र दोन-तीन आठवडे टाळा, पुन्हा त्याच हातावर पडलात तर सरकलेलं नाही तेही सरकेल. आणि तंबाखू किंवा सिगारेट असेल तर हाड जुळेपर्यंत तरी सोडा. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि इथे सगळी मदार त्यांच्यावरच आहे.

सोमवारी दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना पहिल्या एक्सरेचं पाकीट सोबत न्या. पडल्याची तारीख चिठ्ठीवर लिहून द्या, कारण एमआरआय वाचणाऱ्यालाही कितव्या दिवशीचं मनगट आहे हे माहीत असावं लागतं. हे सगळं विचारा: फिल्ममध्ये स्कॅफॉइड व्ह्यूज होते का, मर्यादित एमआरआय चालेल का, आणि तो होईपर्यंत प्लॅस्टर घालाल का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं तर कारण विचारून घ्या, आणि समाधान झालं नाही तर हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञांकडे त्याच आठवड्यात जा. वडिलांनाही सोबत न्या. खळग्यात दाबल्यावर उजवा हात कसा मागे खेचला जातो आणि डावा कसा तसाच राहतो, हे त्यांनी स्वतः पाहिलं की घरी समजावून सांगायचं काम सोपं होईल.